गड उतरून चहावर दिलेला होकार: खरा की नुसती धडधड?

मावशी_गोदाकाठची (पैठण)

नमस्कार मंडळी. प्रश्न भाच्याचा आहे, पण माझी बहीण रोज फोन करून मलाच विचारायली, म्हणून इथं टाकते.

भाचा पुण्यात नोकरीला. मुलगी सिल्लोडकडची, शिक्षिका. पोह्यांचा कार्यक्रम नको, पोरांना मोकळेपणानं बोलू द्या असं दोन्ही घरांनी ठरवलं आणि चुलत-मावस भावंडांसोबत दोघांना रविवारी देवगिरीवर पाठवलं. ऊन चढलेलं, त्यात अंधारीतून जाताना वटवाघळं उडाली, सगळे किंचाळले. वर बारादरीपर्यंत गेले, उतरले, पायथ्याच्या टपरीवर चहा प्याले. तिथूनच पठ्ठ्यानं आईला फोन केला, "माझा होकार आहे."

पुण्याला पोचल्यावर गडी थंड. "तेव्हा लई वाटलं होतं, आता तेवढं वाटत नाही." त्यात एका मित्रानं सांगितलं की मानसशास्त्रात हे सिद्ध झालंय. छाती गड चढल्यानं धडधडते आणि माणूस त्याला प्रेम समजतो, कुठल्याशा झुलत्या पुलावर प्रयोग झालाय. आता हा म्हणतो, माझा होकार खोटा होता, मागे घेतो.

असा प्रयोग खरंच आहे का? आणि असला तर त्यावरून होकार खोटा ठरतो का? मुलीकडच्यांना काय तोंड दाखवायचं हा पुढचा प्रश्न.

हुरडापार्टी (सेलू)

मावशी, आमच्या वेळी मुलगी ट्रे घेऊन आली की तिच्या हातातल्या कपबश्या वाजायच्या आणि इकडं आमचे गुडघे. कुणाची धडधड कुणामुळं हे विचारायला कुणी थांबलंच नाही. बत्तीस वर्षं झाली, अजून वाजायल्यात.

ध्येयवेडा (छ. संभाजीनगर)

मित्र बरोबर सांगतोय. शॅक्टर आणि सिंगर या दोघांनी १९६२ मध्ये हे सिद्ध केलं. शरीर फक्त धडधड देतं. राग, भीती, प्रेम, आनंद, सगळ्यांत धडधड तीच. नाव आपलं मन आजूबाजूला बघून देतं. म्हणजे भावना असं खरं काही नसतंच, लेबल असतं. पुलावरच्या प्रयोगात तर घाबरलेले पुरुष त्या बाईच्या प्रेमात पडले. भाच्यानं बिनधास्त नकार कळवावा. मुलगी आवडलीच नव्हती, गड आवडला होता.

लातूरची_लेक

@ध्येयवेडा, "बिनधास्त नकार कळवावा" हे दोन ओळीत सांगायला तुमचं काय जातंय? आणि मावशी, सगळे भाच्याच्या छातीबद्दल बोलायलेत. गड मुलगीपण चढली ना? तिचा होकार आहे की नकार, ते कुणी विचारलं का?

औषधीवाला_परभणी

धडधड होत असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. पुण्यात राहणारी पोरं जेवत नाहीत वेळेवर. आमच्याकडं रोज दोन-तीन जण येतात, "छातीत कसंतरी होतंय, गोळी द्या" म्हणत. चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही मी.

मावशी_गोदाकाठची

@औषधीवाला, अहो त्याला आजार नाही, त्याला लग्न आहे.

@लातूरची_लेक, खरंच विचारलं नव्हतं हो. आज विचारते.

निवृत्त_मास्तर (नांदेड)

महाविद्यालयात बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. प्रयोग आहेत, पण मित्रानं सांगितले तसे नाहीत आणि ध्येयवेडा म्हणतात तसेही नाहीत.

१९६२ चा आधी घेऊ. मिनेसोटा विद्यापीठातल्या मुलांना सांगितलं की 'सुप्रॉक्सिन' नावाच्या जीवनसत्त्वाचा नजरेवर काय परिणाम होतो ते बघायचंय. सुईत प्रत्यक्षात ॲड्रेनॅलिन होतं. तीन ते पाच मिनिटांत छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा तापतो. काही मुलांना हे सगळं होईल म्हणून आधीच सांगितलं. काहींना काहीच सांगितलं नाही. काहींना भलतंच सांगितलं, की पाय बधिर होतील, खाज सुटेल. आणखी एका गटाला नुसतं मिठाचं पाणी टोचलं. मग प्रत्येकाला एका खोलीत दुसऱ्या मुलासोबत बसवलं. तो दुसरा मुलगा संशोधकांचाच माणूस. कधी तो कागदाची विमानं उडवून धिंगाणा घालायचा, तर कधी एक अपमानकारक प्रश्नावली भरता भरता चिडून ती फाडायचा.

अपेक्षा अशी, की ज्याला धडधडीचं कारण माहीत नाही तो समोरच्याकडं बघून तिला नाव देईल. धिंगाण्याच्या खोलीत तसं थोडं झालं. ज्यांना कारण माहीत नव्हतं ते, कारण माहीत असलेल्यांपेक्षा जास्त खुशीत निघाले. पण मिठाचं पाणी टोचलेल्यांपासून त्यांचं अंतर फारसं नव्हतं, आणि सिद्धान्ताला ते अंतर तर हवंच होतं. रागाच्या खोलीत आणखी पंचाईत. मुलांनी स्वतःबद्दल जे लिहिलं त्यात राग जवळपास नव्हताच. शॅक्टर-सिंगर यांचं म्हणणं असं, की या मुलांना परीक्षेत जादा गुण मिळणार होते, ती संशोधकासमोर राग कशाला कबूल करतील? म्हणून रागासाठी त्यांनी मुलांच्या वागण्याच्या नोंदींवर भिस्त ठेवली. १९७९ मध्ये मार्शल आणि झिम्बार्डो यांनी धिंगाण्याचा भाग पुन्हा करून पाहिला, तेव्हा सुई घेतलेली मुलं काही खूश झाली नाहीत. त्याच वर्षी मास्लाक यांना असं दिसलं, की कारण न कळणारी धडधड माणसाला बहुधा अस्वस्थच करते, समोरचा कितीही नाचो.

तेव्हा "सिद्ध झालं" हा शब्द जरा जपून. पुलाबद्दल रात्री लिहितो, आता नातीला शिकवणीहून आणायचंय.

ध्येयवेडा

सर, आदर आहे, पण सगळ्या पुस्तकांत हा प्रयोग आहे. मग पुस्तकं चुकीची?

निवृत्त_मास्तर

पुस्तकांत असायलाच हवा. त्या प्रयोगानं जो प्रश्न विचारला त्यावर पुढची वीस वर्षं काम झालं. उत्तर मात्र त्यातून मिळालं तेवढंच लिहावं.

तेरणाकाठ (औसा)

विषय निघालाच आहे तर सांगतो. किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे ९३ च्या ऑक्टोबरात, आमच्याकडं सगळं गाव बाहेर झोपायचं. जरा पत्रा वाजला की छातीत धस्स व्हायचं. पण त्याच रात्री आम्ही पोरं एवढी हसायचो की म्हातारी माणसं ओरडायची. कुणी साधं घोंगडीत अडकून पडलं तरी हसून हसून पोटात दुखायचं. इतक्या मोठ्या दुःखात हसू येतंय म्हणून नंतर मनाला लागायचं. ते हसू या धडधडीचंच होतं का?

निवृत्त_मास्तर

@तेरणाकाठ, त्याचा थोडा हात असावा. ताणानं शरीर जागं झालेलं असतं, त्यात हसण्याजोगं काही घडलं की हसू नेहमीपेक्षा जोरात येतं. पण सगळं त्यावर घालू नका. पोरं एकत्र असली की अशी हसतातच, आणि जिवंत राहिल्याची सुटकाही त्यात असते. तीनही गोष्टी वेगळ्या करून दाखवायचं साधन माझ्याकडं नाही. लाज वाटून घेण्यासारखं मात्र त्यात काही नव्हतं.

आता पूल. कॅनडात व्हँकुव्हरच्या उत्तरेला कॅपिलानो नदीवर हा झुलता पूल आहे. साडेचारशे फूट लांब, पाच फूट रुंद, खाली २३० फुटांची दरी, पाऊल टाकलं की डोलतो. डटन आणि ॲरन यांनी १९७४ मध्ये तिथून जाणाऱ्या १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना एका तरुणीकडून थांबवलं. एक चित्र दाखवून त्यावर छोटी गोष्ट लिहून घेतली आणि "निष्कर्ष हवा असेल तर फोन करा" म्हणून तिनं नंबर दिला. तीच गोष्ट वरच्या अंगाच्या भक्कम लाकडी पुलावर केली. तो पाण्यापासून दहाच फूट उंच. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी दोघांनी. विचारणारा पुरुष असला तर हा फरक दिसला नाही.

एवढंच. प्रेमात कुणी पडलं नाही, लग्न कुणाचं झालं नाही. फोन केला आणि गोष्टीत थोडा शृंगार जास्त लिहिला.

हुरडापार्टी

म्हणजे एकूण अकरा फोन, आणि जगभर पन्नास वर्षं बोभाटा. आमच्या सेलूत एका मिस्ड कॉलवर एवढंच होतं.

मोंढा_जालना

मास्तर, एक शंका. जो गडी झुलत्या पुलावर जातोय तो मुळातच धाडसी नसेल का? धाडसी माणूस बाईला फोनही करणारच. मग धडधडीचा संबंध कुठं आला?

निवृत्त_मास्तर

@मोंढा_जालना, शंका अगदी नेमकी आहे आणि ती त्या दोघांनाही आली होती. म्हणून त्यांनी तुलनेसाठी झुलता पूल ओलांडून गेलेलेच लोक घेतले. काहींना पुलावर असताना विचारलं. काहींना पूल संपल्यावर दहा मिनिटं किंवा जास्त वेळ बागेत बसल्यावर विचारलं. धाडस दोघांचंही सारखंच, कारण पूल दोघांनी ओलांडलेला. तरी पुलावरच्यांनी जास्त फोन केले.

तरीही वाद मिटला नाही. भीतीच्या क्षणी जवळ असलेली व्यक्ती आधार देते, म्हणून ती आवडते, असंही म्हणता येतं. केनरिक आणि चाल्डिनी यांनी १९७७ मध्ये हेच म्हटलं. तसं असेल तर धडधडीला चुकीचं नाव दिलं ही भानगडच उरत नाही.

म्हणून पुलापेक्षा मला पळण्याचा प्रयोग जास्त पटतो. व्हाइट आणि सहकाऱ्यांचा, १९८१ चा. त्यात भीती नाही, आधार नाही. तरुणांना जागच्या जागी पळायला लावलं, कुणाला दोन मिनिटं, कुणाला फक्त पंधरा सेकंद. मग एका तरुणीची चित्रफीत दाखवली. तरुणी एकच, पण एकदा छान नटवलेली आणि एकदा मुद्दाम ओबडधोबड केलेली. दोन मिनिटं पळालेल्यांना नटवलेली तरुणी कमी पळालेल्यांपेक्षा जास्त आवडली. आणि ओबडधोबड केलेली कमी पळालेल्यांपेक्षाही कमी आवडली.

मावशी, तुमच्या भाच्यासाठी कामाचं आहे ते हे. नुसत्या धडधडीनं पसंती तयार झाली असती तर दोघींचीही पसंती वाढली असती. तसं झालं नाही. जे मुळात वाटत होतं तेच वाढलं, आवडणंही आणि नावडणंही. भाच्याला ती मुलगी मुळात नकोशी असती तर गड उतरल्यावर ती आणखी नकोशी झाली असती. त्याला ती आवडली, म्हणजे चढणीच्या आधी काहीतरी होतं. किती होतं, ते गडावरच्या मापानं धरू नये एवढंच मित्राचं बरोबर.

लातूरची_लेक

सर, हे पटलं. फक्त एक. तरुणीला ओबडधोबड करून पोरांना दाखवायचं, हा असला प्रयोग बायकांनी केला असता तर कसा केला असता बघायला आवडेल मला.

औषधीवाला_परभणी

आता माझा विषय. वडिलांना दमा आहे, पंप घेतात. पंप घेतल्यावर हात थरथरतात, ठोके वाढतात, हे त्या औषधानं होतंच. पण मागच्या थोड्या महिन्यांपासून बघतोय, पंप घेतल्यावर बातम्या लावल्या की चिडतात. आधी वाटलं बातम्याच तशा असतात. हे तेच आहे का?

निवृत्त_मास्तर

असू शकतं. ॲड्रेनॅलिनची सुई आणि तुमच्या वडिलांचा पंप शरीराच्या जवळपास त्याच तारा छेडतात. साधी गोष्ट करून बघा. "पंपानं थोडा वेळ छाती धडधडेल, ते औषधाचं आहे" हे त्यांना आधी आठवण करून द्या, आणि बातम्या तासाभरानं लावा. पंप स्वतःहून कमी करू नका. आधीपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, राग नंतर.

औषधीवाला_परभणी

जास्त वेळा लागतोय खरा. उद्याच नेतो.

मावशी_गोदाकाठची

सर, मनावरचं ओझं जरा उतरलं. पण एक सांगा. भाचा म्हणतो, "मी होकार दिला तेव्हा मला दम लागलेला नव्हता. चहा पीत निवांत बसलो होतो." मग गडाचा परिणाम तेव्हा कसा असेल?

निवृत्त_मास्तर

मावशी, सगळ्यात धोक्याची वेळ तीच. हे झिलमन यांचं काम आहे. १९७५ मध्ये कँटर, झिलमन आणि ब्रायंट यांनी लोकांना व्यायामाची सायकल मारायला लावली आणि नंतर वेगवेगळ्या वेळी एका शृंगारिक चित्रपटाचे तुकडे दाखवले. सायकल थांबवल्याबरोबर माणसाला कळतं की छाती सायकलीमुळं धडधडतेय, म्हणून तो ती चित्रपटाच्या खात्यात मांडत नाही. बराच वेळ गेल्यावर शरीर खरंच शांत झालेलं असतं, मांडायला काही उरत नाही. मधल्या वेळी मात्र घोळ होतो, त्यांच्या मोजणीत साधारण पाच मिनिटांनी. श्वास जागेवर आला, घाम वाळला, माणसाला वाटतं आपण निवांत झालो. ठोके आणि रक्तदाब मात्र अजून पूर्ण उतरलेले नसतात. त्याच वेळी चित्रपट सर्वांत उत्तेजक वाटला.

आता भाच्याचा रविवार लावून बघा. अंधारीत वटवाघळं उडाली तेव्हा तो म्हणाला असता का, "मी प्रेमात पडलो"? नाही, तेव्हा कारण डोक्यावर उडत होतं. उतरला, टपरीवर बसला, पहिला घोट घेतला, "आता निवांत" असं वाटलं, समोर ती हसली. बरोबर तिथं त्यानं आईला फोन केला. तोच फोन पुण्याच्या गाडीत बसल्यावर केला असता तर शब्द बहुधा जरा मवाळ असते, एवढंच मी म्हणेन. नकार असता असं म्हणता येत नाही.

ध्येयवेडा

मग माझंच बरोबर ना सर? कारण कळलं की परिणाम जातो. आता भाच्याला कळलंय, आता जे वाटतं तेच खरं.

निवृत्त_मास्तर

त्यातही गोम आहे. ॲलन आणि केनरिक वगैरेंनी १९८९ मध्ये दाखवलं, की धडधडीचं खरं कारण समोर ढळढळीत असतानाही आकर्षण वाढतं. त्यांचं म्हणणं, यात नाव चुकण्याचा प्रश्नच नाही, जागं शरीर जी प्रतिक्रिया आधीच वर आलेली असते तिला आणखी ढकलतं. झिलमन यांच्या निकालाशी हे नीट जुळत नाही, आणि दोघांत कुणाचं खरं याचा निकाल माझ्या माहितीत लागलेला नाही. १९८३ मध्ये रायझेनझाइन यांनी सगळं साहित्य चाळून सांगितलं, की बाहेरून आलेली आणि चुकीच्या खात्यात गेलेली धडधड भावना तीव्र करते, एवढाच भाग बऱ्यापैकी उभा राहतो. धडधडीशिवाय भावनाच नाही, हा भाग उभा राहत नाही.

आणि पुण्याच्या खोलीत एकटं बसून, मित्राचं ऐकून जे वाटतं ते "खरं" कशावरून? तिथंही शरीर कुठल्यातरी अवस्थेत असतंच. आठवड्याचा शीण, रात्रीचं जागरण. थंड पडलेलं मनही मोजमापाला तितकंच कच्चं.

मोंढा_जालना

मास्तर, हे पाच मिनिटांचं वाचून मला आमचं आडत आठवलं. सोयाबीनच्या हंगामात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो. हमाल कमी असले की स्वतःच कट्टे उतरवायला लागतो. कट्टे उतरवताना ओलावा जास्त आहे म्हणलं तर गडी हसून टाळतो. उतरवून, तोंड धुवून, जरा टेकला की मग सौद्याला बोलावतो आम्ही. तेव्हा भाव ऐकून जो भडका उडतो, तो कट्टे न उतरवणाऱ्याचा उडत नाही. आजपर्यंत मी म्हणायचो, दमलेला माणूस चिडका असतो. पण दमलेला असताना तो चिडतच नाही, दम गेल्यावर चिडतो!

तेरणाकाठ

भाव पाडल्यावर कट्टे उतरवले काय अन् नाही काय, राग येणारच. त्याला मानसशास्त्र कशाला?

निवृत्त_मास्तर

दोघांचंही घ्या. झिलमन यांच्या १९७२ च्या प्रयोगात व्यायामानं आक्रमकपणा वाढला, पण ज्यांना आधी डिवचलं होतं त्यांचाच. ज्यांना डिवचलं नव्हतं ते व्यायामानंतरही शांतच. म्हणजे @तेरणाकाठ म्हणतात तसं, राग कमी भावाचाच. तो किती उंच जातो यात कट्ट्यांचा वाटा.

मावशी_गोदाकाठची

ताजी खबर. @लातूरची_लेक, तुझ्या सांगण्यावरून मुलीच्या मावशीला फोन केला. मुलगी शाळेच्या मुलांना घेऊन दरवर्षी अजिंठ्याच्या डोंगरात फिरते, तिला गडाचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "मुलगा बरा आहे, पण एका भेटीत काय कळतंय? मी अजून होकार दिलेलाच नाही." इकडं आम्ही हा होकार मागे घेणार की नाही म्हणून रात्र रात्र जागतोय!

हुरडापार्टी

😂😂 पोरगी फिट, पोराला दम. लग्नाआधीच चित्र स्पष्ट.

निवृत्त_मास्तर

सवयीच्या माणसाचे ठोके लवकर खाली येतात, म्हणून तिची टपरीवरची मधली वेळ छोटी असणार. तिचं "बरा आहे" मी भाच्याच्या "लई वाटलं"पेक्षा जास्त धरेन.

लातूरची_लेक

मी तर म्हणते दोघांनी परत भेटावं, पण बसून. पैठणला संत एकनाथांच्या वाड्याजवळ, नाहीतर उद्यानात बाकावर. आणि या वेळी मुलीलाच जागा ठरवू द्या.

मावशी_गोदाकाठची

तिनं ठरवली पण. म्हैसमाळ. चालत फिरायचं म्हणते. भाच्याला सांगितलंय, घाटात काही बोलू नकोस, घरी येऊन जेव, झोप, मग फोन कर.

मोंढा_जालना

मास्तर, मग मी काय करू? शेतकऱ्याला कट्टे उतरवल्यावर चहा पाजून पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि मग सौदा केला तर?

औषधीवाला_परभणी

चहा नको, चहानं ठोके आणखी वाढतील. पाणी द्या.

मोंढा_जालना

पाणी पिऊन वीस मिनिटं कोण थांबतंय भाऊ? ट्रॅक्टरचं भाडं तासावर चालू असतं, त्याचा राग वेगळा.